नावावाचून अडलेलं बुटीक

कपड्यांचे नमुने तयार होते, जागेचा करार झाला होता, मास्टर शिलाईला बसले होते. अडलं होतं ते फक्त नावावरून. नाव नाही म्हणून बिलबुकं छापता येईनात, गळ्याशी लावायची लेबलं विणायला टाकता येईनात, दुकानाच्या नावाने खातं उघडता येईना. पाटीवाला मधूनमधून फोन करून "ठरलं का ताई?" असं विचारायचा आणि मी "या आठवड्यात नक्की" म्हणायचे. असे बरेच आठवडे गेले.

ज्याला त्याला वाटायचं की मला नाव सुचत नाहीये. तसं अजिबात नव्हतं. नावं इतकी सुचली होती की वहीची पानं संपत आली होती. धागा, टाका, वीण, कशिदा, झालर, पदर, काठ, अस्तर. शिलाईच्या खोलीत नुसती नजर फिरवली तरी चार नावं मिळायची. माझ्या बहिणीने ती यादी शांतपणे वाचली आणि म्हणाली, "छान आहेत गं सगळी. पण ही वही रस्त्यात सापडली तर कुठल्या बुटीकवालीची म्हणून परत करायची?" मास्टरांचा आक्षेप आणखी रोखठोक होता. "पाटीवर 'टाका' लिहाल तर लोक दारात कचरा आणून टाकतील, मॅडम."

'टाका' त्याच दिवशी बाद झालं. बहिणीचं बोलणं मात्र मला नीट कळायला एका वकीलबाईंकडे जावं लागलं. त्या आईच्या मैत्रीण, म्हणजे माझ्या मावशीच, आणि ट्रेडमार्कचीच कामं करतात. मी यादी पुढे ठेवली तेव्हा त्यांनी एकेका नावाबद्दल मत दिलंच नाही. कागदावर आडवी रेघ ओढून तिचे पाच भाग केले. पहिल्या भागात वस्तूचंच नाव: कपड्याच्या दुकानाला 'कपडे'. दुसऱ्यात वस्तूचं वर्णन करणारं नाव: मऊ, सुती, रेशमी. तिसऱ्यात नुसती सूचना देणारं, म्हणजे ऐकणाऱ्याला क्षणभर विचार केल्यावर संबंध लागेल असं. चौथ्यात रोजचाच शब्द, पण त्या वस्तूशी काडीचा संबंध नसलेला, जसं संगणकाला सफरचंदाचं नाव. पाचव्यात आधी भाषेत नसलेला, नव्याने घडवलेला शब्द.

"डावीकडून उजवीकडे जाशील तसं नाव जास्त तुझं होत जातं," त्या म्हणाल्या. "डावीकडच्या शब्दांवर सगळ्याच कपडेवाल्यांचा हक्क असतो. 'धागा' तू अडवून ठेवलास तर बाकीच्यांनी धाग्याला काय म्हणायचं?"

ही पाच पायऱ्यांची मांडणी अमेरिकेतल्या १९७६ च्या एका निकालामुळे प्रसिद्ध झाली आणि योगायोग असा की तो खटलाही कपड्यांच्याच धंद्यातला होता. अ‍ॅबरक्रोम्बी अँड फिच या कंपनीने 'सफारी' या शब्दावर हक्क सांगितला होता. न्यायालयाने म्हटलं की त्या धाटणीच्या जाकिटाला आणि टोपीला लोक सफारीच म्हणतात, तेव्हा तिथे हा शब्द कुणा एकाचा होऊ शकत नाही. बुटांच्या बाबतीत मात्र त्याच शब्दाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं, कारण सफारी हे काही बुटाचं नाव नव्हे. म्हणजे नाव कितव्या पायरीवर आहे हे ते कशाला लावलंय त्यावर ठरतं. मी घरी येऊन माझी यादी त्या रेघेवर मांडली तेव्हा जवळजवळ सगळी नावं पहिल्या दोन भागांत जाऊन बसली. कापडाच्या आसपासचे शब्द गोळा केले की दुसरं काय होणार! प्रत्येक बुटीकवाली पहिल्या आठवड्यात तिथेच असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणी तिथेच थांबतात, म्हणून तर बुटीकांच्या पाट्या एकमेकींसारख्या दिसतात.

स्वतःचंच नाव द्यावं असाही सल्ला मिळाला. पण माझं नाव माझ्या वर्गातच दोघींचं होतं. शिवाय मावशींनी सांगितलं की स्वतःचं खरं नाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्या दुसरीला सहसा रोखता येत नाही, आणि उद्या धंदा विकायचा म्हटलं तर त्याच्याबरोबर नावही विकावं लागतं. तो विषय तिथेच मिटवला.

मग दुसरी यादी सुरू झाली, तिसऱ्या आणि चौथ्या भागातली. ही करायला वेळ लागला, पण मजाही आली. त्यातली तीन नावं मला खरोखर आवडली होती आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी गेली.

पहिलं 'गिरकी'. नवा घेरदार झगा अंगावर चढवला की आरशासमोर एक गिरकी घेतल्याशिवाय कुणाला राहवत नाही. नाव छोटं, नाचरं, सूचक. ते मी फोनवर तपासलं. तपासायची रीत अशी की माणसाला आधी काही सांगायचं नाही. बोलण्याच्या ओघात नाव एकदाच घ्यायचं, तेही मागे मशीन चालू असताना, आणि मग म्हणायचं, "जरा लिहून पाठव ना." समोर बसवून, कागदावर दाखवून विचारलं की सगळी माणसं सगळ्याच नावांना छान म्हणतात. फोनवर खरं कळतं. काहींनी 'फिरकी' लिहिलं, एकीने 'खिडकी'. दोन दिवसांनी त्याच लोकांना अचानक विचारलं, "त्या दिवशी काय नाव सांगितलं होतं गं मी?" तेव्हा बहुतेकींना गोल फिरण्याबद्दल काहीतरी होतं एवढंच आठवत होतं. अर्थ राहिला होता, शब्द निसटला होता. दुकानाचं नाव असं निसटून चालत नाही, कारण मैत्रिणीला सांगताना शब्दच लागतो. आणि नोंदणी झालेल्या नावांत शोध घेतला तेव्हा कपड्यांच्याच वर्गात उच्चाराने अगदी लगतचं एक नाव आधीपासून होतं. कान जिथे फसतो तिथेच तपासणारा अधिकारीही बोट ठेवतो, असं मावशी म्हणाल्या.

दुसरं नाव ऐकून तर त्या खो खो हसल्या. आमची शिलाई सुरुवातीला गच्चीवरच्या खोलीत चालायची, म्हणून मी 'गच्ची' सुचवलं होतं. कपड्यांशी संबंध नाही, शब्द घरगुती, उच्चार ठसकेबाज. मावशी म्हणाल्या, "आता हे इंग्रजी अक्षरांत लिही आणि मोठ्याने वाच." मी Gachchi लिहिलं, वाचलं, आणि माझं मलाच कळलं. १९२१ मध्ये फ्लॉरेन्सला सुरू झालेली गुच्ची याच धंद्यात आहे. मी कितीही निरागसपणे गच्ची म्हटलं तरी ऐकणाऱ्याला ती चेष्टा वाटणार किंवा नक्कल. ट्रेडमार्कच्या तुलनेत नुसतं स्पेलिंग बघत नाहीत. दिसायला, ऐकायला आणि अर्थाला नाव जवळ जातं का आणि त्यामुळे गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल का, हे बघतात. नाव जितकं नावाजलेलं, तितकं त्याच्यापासून लांब राहावं लागतं.

तिसऱ्या नावात माझा जीव अडकला होता. 'घडीमोड'. नवा कपडा पहिल्यांदा अंगावर घालणं म्हणजे त्याची घडी मोडणं, हे मराठी घरात कुणाला समजावावं लागत नाही. मावशींच्या रेघेवर ते तिसऱ्या भागात नीट बसत होतं. फोनवरही लोक ते बरोबर लिहायचे. शोधात त्याच्या जवळचं काही सापडलं नाही. मी मनातल्या मनात पाटी रंगवून मोकळी झाले होते.

पहिला तडा एका अमराठी मैत्रिणीने दिला. तिला मी इंग्रजी अक्षरांत Ghadimod लिहून पाठवलं होतं. तिने विचारलं, "हे घड्याळातलं काही सेटिंग आहे का?" तिने ते 'घडी मोड' असं वाचलं होतं, मोबाइलमधल्या नाइट मोडसारखं. आता माझी सगळीच गिऱ्हाइकं मराठी वाचणारी नसणार. पत्ता शोधताना, पैसे पाठवताना, फोटोखाली दुकानाचं नाव टाकताना लोक इंग्रजी अक्षरंच टंकतात. तिथे 'ड' चा 'र' होतो, कानामात्रा गळतात. पण हे मी मनावर घेतलं नाही, कारण नाव आवडत होतं. आवडतं नाव असलं की माणूस त्याचा वकील होतो.

दुसरा तडा लेबलवाल्याकडून आला आणि तो मात्र कायमचा ठरला.

गळ्याशी लागणारं विणलेलं लेबल छापलेल्या लेबलापेक्षा वेगळं असतं. त्यात अक्षर शाईने उमटत नाही, आडव्या धाग्यांनी विणलं जातं. प्रत्येक रेघ म्हणजे ठरावीक धागे, आणि धाग्याच्या जाडीहून बारीक काही विणता येत नाही. मी गडद निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'घडीमोड' चा नमुना मागवला होता. तो आला तेव्हा बहिणीने उचलून वाचलं, "धडीमोड?" मी भिंग घेऊन बघितलं. घ आणि ध यांत फरक तो किती: घ ची शिरोरेषा सलग, ध ची डावीकडे सुटलेली आणि तिथे छोटीशी गाठ. कागदावर तो फरक सहज दिसतो. लेबलावर अक्षराची उंची जेमतेम चार मिलिमीटर होती, त्यात 'डी' आणि 'मो' यांच्या वरच्या मात्रांनीच बरीच जागा खाल्लेली. उरलेल्या उंचीत घ च्या पोटातली वळणं पांढऱ्या धाग्यांनी बुजून गेली होती आणि शिरोरेषेचं टोक किंचित तुटलं होतं. वाचणारा आपल्या मनाने काय ते ठरवणार.

लेबलवाले काका अनुभवी होते. म्हणाले, "अक्षर मोठं करू या, पण मग पट्टी लांब आणि रुंद होणार. रुंद पट्टी मानेला टोचते, लोक कापून टाकतात. नाहीतर छापील सॅटिन घ्या, पण ते धुता धुता पुसट होतं." आणि सहज म्हणावं तसं म्हणाले, "नावच दोन-तीन अक्षरांचं असतं तर काही प्रश्नच नव्हता." माझ्या हातात लेबल होतं आणि मला ते वाचता येत होतं. ते फक्त मला वाचता येत होतं, हीच अडचण होती. घडीमोड गेलं. दोन दिवस मी कुणाशी नीट बोलले नाही.

त्यानंतर मी नावं सुचवणं बंद केलं आणि पहिल्या वहीत काट मारलेली नावं पुन्हा चाळली, या वेळी आवडीनिवडी बाजूला ठेवून. तीनच अक्षरं, जोडाक्षर नको, खाली लोंबणारा उकार नको, घ-ध आणि ब-व यांसारखी एकमेकांत मिसळणारी अक्षरं नकोत, इंग्रजीत लिहिल्यावर भलतं वाचलं जायला नको. 'पागोळी' या चाळणीतून जवळजवळ निघाली होती, पण Pagoli लिहिलं की निम्मे लोक 'पगली' वाचत होते. उरलं 'ओसरी'. ते मी पहिल्याच आठवड्यात काट मारून टाकलं होतं आणि शेजारी कारण लिहिलं होतं: कपड्यांशी काही संबंध नाही. मावशींच्या रेघेवर ते बरोबर चौथ्या भागात बसत होतं.

खरं सांगायचं तर ओसरी हे नाव माझ्या मनात घडीमोडसारखं भरलं नाही. पण ते एकेक परीक्षा मुकाट्याने पास होत गेलं. फोनवर लोकांनी ते बरोबर लिहिलं. दोन दिवसांनी विचारलं तर शब्दच आठवला, कारण शब्द आणि चित्र एकच होतं. लेबलावर ओ, स, री ही तिन्ही अक्षरं मोकळी उमटली. वरच्या मात्रांना जागा लागतेच, पण खाली काही नसल्यामुळे काकांनी तिथली जागा वर दिली.

शोध मात्र सोपा गेला नाही, आणि इथे थोडं थांबून सांगते, कारण बहुतेक जणी इथे घाई करतात. शोध म्हणजे हुबेहूब शब्द टाकून "काही सापडलं नाही" असं बघणं नव्हे. Osari, Osri, Osary, Ossari, नुसतं Osa ने सुरू होणारं, देवनागरीतलं, असं सगळं टाकून बघावं लागतं. देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाची यादी तर असतेच. त्याशिवाय जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा Global Brand Database फुकट वापरता येतो आणि त्यात अनेक देशांच्या नोंदी एकत्र दिसतात. सापडलेल्या प्रत्येक नावापुढे वर्गाचा आकडा असतो. ट्रेडमार्कसाठी वापरल्या जाणाऱ्या नीस वर्गीकरणात वस्तू आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. माझ्या कामाचे दोन: तयार कपडे, पादत्राणं आणि टोप्यांचा २५ वा आणि दुकानातून वस्तू विकण्याच्या सेवेचा ३५ वा. पिशव्या विकायला लागले तर १८ वा, दागिने ठेवले तर १४ वा.

ओसरी आणि तिच्यासारखी नावं ४३ व्या वर्गात निघाली, म्हणजे खाणंपिणं आणि मुक्कामाची सोय. साहजिक आहे, ओसरी म्हटल्यावर टेकायलाच जागा आठवते. मी घाबरून मावशींना फोन केला. त्यांनी सांगितलं की नाव फार नावाजलेलं नसेल आणि कपडे घेणाऱ्याला हे त्याच राहण्याच्या जागेवाल्यांचं दुकान आहे असं वाटणार नसेल, तर वेगळ्या वर्गात तेच नाव नांदू शकतं. चिंता होती ती दुसऱ्याच एका नोंदीची: २५ व्या वर्गातलं, जवळच्या स्पेलिंगचं एक नाव, अर्जदाराने मध्येच सोडून दिलेलं. "सोडलेला अर्ज म्हणजे सोडलेलं दुकान असं धरू नकोस," मावशी म्हणाल्या. नोंदणी न करताही कुणी ते नाव वर्षानुवर्षं वापरत असेल तर अनेक देशांत त्याला आधीच्या वापराचा हक्क मिळतो. म्हणून मग त्या नावाने कपडे कुठे विकले जातायत का, ते शोधण्यात बरेच दिवस गेले. फोटो, विक्रीची संकेतस्थळं, जुनी लेबलं, काहीच मिळालं नाही. तरी मावशींनी बजावलं की स्वच्छ शोध ही हमी नव्हे. नुकते दाखल झालेले अर्ज यादीत उशिरा दिसतात, आणि औद्योगिक संपदेच्या पॅरिस करारानुसार परदेशात आधी अर्ज केलेला माणूस सहा महिन्यांच्या आत इथे येऊन आपल्या पहिल्या तारखेचा अग्रक्रम मागू शकतो. एवढी जोखीम प्रत्येकीला घ्यावीच लागते.

आणि ज्यावरून लोक सगळ्यात आधी हताश होतात ते शेवटी आलं: संकेतस्थळाचा पत्ता. नुसतं osari कुणीतरी केव्हाच घेऊन ठेवलं होतं. समाजमाध्यमांवर त्याच नावाचं एक खातं होतं, चार फोटो टाकून झोपी गेलेलं. पूर्वीची मी इथे नाव बदललं असतं. आता बदललं नाही. नावाला कपड्यांचा शेपूट शब्द जोडून पत्ता घेतला आणि Osri हे दुसरं स्पेलिंगही ताब्यात ठेवलं, टंकणाऱ्याचं बोट तिथे गेलं तर योग्य दारात यावं म्हणून. पत्त्यात शेपूट चालतं. लेबलावर आणि लोकांच्या तोंडी शेपूट नको.

दोन्ही वर्गांत अर्ज केला. त्या दिवशी पाटीवाल्याला मी स्वतः फोन केला. त्याने नाव ऐकलं, एकदाच, आणि बरोबर लिहून घेतलं. मग विचारलं, "खाली बुटीक टाकायचं ना, ताई?" यावर मात्र घरात पुन्हा वाद झाला. चौथ्या भागातलं नाव काही सांगत नाही, हा त्याचा तोटाच आहे. दुकान कशाचं हे पाटीला वेगळं सांगावं लागतं. म्हणून खाली बारीक अक्षरांत 'कपडे' लिहिलं. तो शब्द कुणाचाच नाही, तेव्हा तो वापरायला कुणाची हरकत नव्हती. नावाशेजारी नोंदणीचं गोल चिन्ह काढू का, हेही पाटीवाल्याने हौसेने विचारलं. ते नोंदणी हातात पडल्याशिवाय लावायचं नसतं. कित्येक देशांत तसं लावणं गुन्हा आहे. तोवर टीएम ही अक्षरं चालतात.

अर्ज अजून तपासणीत आहे. दुकान सुरू झालंय. परवा एक गृहस्थ दोन बॅगा घेऊन आत आले आणि खोली मिळेल का म्हणून विचारू लागले. मास्टरांनी त्यांना शर्टाचं माप देऊन जा म्हणून सांगितलं, आणि ते खरंच देऊन गेले.